हप्ता कमी करून मागताना आकडा कुठून आणायचा?

"चाकणच्या कंपनीतली नोकरी गेली. घराचा हप्ता २४,००० आहे. बँकेला सांगितलं तर नोटीस येईल का? की गपचूप जमेल तेवढे भरत राहू?"

गपचूप कमी भरू नका, हे मी या गृहस्थांना आधी सांगितलं. मंजुरीशिवाय कमी भरलं तर उरलेली रक्कम थकबाकीतच धरली जाते आणि थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की कर्ज बुडीत वर्गात जातं. नोटिशीची भीती खरी तिथे. हप्ता चुकण्याआधी केलेल्या अर्जावर नोटीस येत नाही.

ते पत्र लिहूनच आले होते. दीड पान कंपनीने कसं फसवलं आणि शेवटी 'सहानुभूतीने विचार व्हावा'. आकडा एकही नाही! अर्ज पुढे पाठवणाऱ्याला त्यातून काय मांडता येणार?

मग वही काढली. पत्नीचा पगार २८,०००, घरखर्च १७,०००, उरतात ११,०००. तेवढेच देऊ, असं त्यांचं म्हणणं. पण शिल्लक कर्ज २४ लाख, व्याज साडेआठ टक्के, म्हणजे महिन्याचं नुसतं व्याजच १७,००० रुपये. ११,००० भरले तर दरमहा ६,००० मुद्दलात चढतील आणि कर्ज वाढत जाईल. १७,००० भरले तर मुद्दल आहे तिथेच थांबतं. सहा महिने असं चाललं तर मुदत साधारण सहाच महिने लांबते. हिशेबाचे दीड लाख कंपनीकडून मिळाले होते. वरचे सहा हजार त्यातून काढायचे ठरलं.

नवं पत्र शाखाधिकाऱ्यांच्या नावे, अर्ध्या पानाचं. वर कर्ज खाते क्रमांक, मग मजकूर: "माझी नोकरी गेल्या महिन्याच्या अखेरीस संपली. आजवर एकही हप्ता थकलेला नाही. पुढील सहा महिने दरमहा रु. १७,००० (फक्त व्याज) भरण्याची व त्यानुसार मुदत वाढवण्याची परवानगी द्यावी. सातव्या महिन्यापासून पूर्ण हप्ता भरेन. निर्णय लेखी कळवावा." सोबत कार्यमुक्तीचं पत्र, सहा महिन्यांचं खाते विवरण, पत्नीची पगारपावती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायला लावली. तोंडी 'बघतो' नंतर कुणाला आठवत नाही.

एक गोष्ट त्यांना आवडली नाही, पण सांगावीच लागली: अशी सवलत बहुधा सिबिलच्या अहवालात 'पुनर्रचित' म्हणून दिसते आणि काही वर्षं नवं कर्ज अवघड जातं. शिवाय बँक हो म्हणेलच असंही नाही.

मंजुरी येईपर्यंत खात्यातून पूर्ण हप्ताच आपोआप कापला जातो. खात्यात पैसे कमी असतील तर तो परत जातो, वर दंड. म्हणून पहिले दोन हप्ते त्यांनी पूर्ण भरले, प्रत्येकी १३,००० त्या दीड लाखातून घालून. पाच-सहा आठवड्यांनी बँकेचं मंजुरीपत्र आलं; नव्या करारावर पत्नीचीही सही लागली, कारण त्या सहकर्जदार होत्या.