बेन्झिलिक कार्बनवरचा हायड्रोजन: एनबीएस आणि परमँगनेट दोन्ही तिथंच का जातात?

प्रश्न: एथिलबेन्झिनला एनबीएस दिलं की ब्रोमीन रिंगशेजारच्या कार्बनवरच लागतो. तेच परमँगनेटसोबत उकळलं की दोन कार्बनांची साखळी असूनही बेन्झोइक ॲसिडच मिळतं, फेनिलॲसेटिक नाही. टर्ट-ब्यूटाइलबेन्झिनला मात्र काहीच होत नाही. असं का? (बीएस्सी दुसरं वर्ष, लातूर)

उत्तर:

दोन्ही रिॲक्शनची सुरुवात एकाच बंधापासून होते. एथिलबेन्झिनमधे हायड्रोजन तीन प्रकारचे आहेत. ते सुटे करायला लागणारी ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमधे साधारण अशी: रिंगवरचा 470, टोकाच्या CH3 वरचा 420, आणि रिंगला लागून असलेल्या CH2 वरचा 357. शेवटचा एवढा सैल असतो, कारण तो निघाल्यावर मागे राहिलेला एकटा इलेक्ट्रॉन रिंगच्या पाय इलेक्ट्रॉनांत मिसळतो आणि ऑर्थो-पॅरा जागांपर्यंत पसरतो. टोकाच्या कार्बनवरच्या इलेक्ट्रॉनला ही सोय नाही, कारण त्याच्या आणि रिंगच्या मधे एक sp3 कार्बन आडवा आहे.

आता ब्रोमीनचा हिशोब पाहा. ब्रोमीन अणूने हायड्रोजन ओढला की H–Br बनतो आणि त्यातून 366 मिळतात. बेन्झिलिक हायड्रोजनसाठी खर्च 357, म्हणजे 9 चा फायदा. टोकाच्या हायड्रोजनसाठी खर्च 420, म्हणजे 54 चा तोटा. एवढा तोटा सोसून ब्रोमीन तिकडे जातच नाही. क्लोरीनचं तसं नाही. H–Cl बनताना 431 मिळतात, त्यामुळे त्याला दोन्हीकडे फायदाच दिसतो आणि थोडा माल टोकालाही लागतो. पुस्तकात ‘ब्रोमीन सिलेक्टिव्ह, क्लोरीन कमी सिलेक्टिव्ह’ असं एका ओळीत उरकतात. त्यामागे हीच वजाबाकी आहे. रॅडिकल ऑर्थो-पॅरावर पसरत असला तरी ब्रोमीन तिथं बसत नाही, कारण तिथं बसला तर रिंगची ॲरोमॅटिकता जाते.

थेट ब्रोमीनऐवजी एनबीएस घ्यायचं कारण असं, की बनलेला HBr एनबीएसशी रिॲक्शन करून चिमूटभर ब्रोमीन देतो आणि तो लगेच वापरला जातो. ब्रोमीन साचत नाही, म्हणून रिंगवर जाणारी आयनिक रिॲक्शन मागे पडते. HBr साचला असता तर बेन्झिल रॅडिकलला त्याने हायड्रोजन परत दिला असता, तेही टळतं.

प्रमाण घ्यायचं तर एथिलबेन्झिन 6.1 मिली (5.3 ग्रॅम, 0.05 मोल), एनबीएस 9 ग्रॅम आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड 0.12 ग्रॅम. जुन्या कृतींत सॉल्व्हंट कार्बन टेट्राक्लोराइड असतो. त्यात एनबीएस तळाशी बसतं आणि बनलेलं सक्सिनिमाइड वर तरंगतं, त्यामुळे काम संपल्याचं डोळ्यांना दिसतं. आता ते विषारी म्हणून आणि ओझोनच्या करारामुळे बहुतेक कॉलेजांत मिळत नाही. ॲसिटोनायट्राइलमधे हे चालतं, पण एनबीएस त्यात विरघळत असल्याने तरंगण्याची खूण मिळत नाही. स्टार्च-आयोडाइड पेपर निळा व्हायचा थांबला की संपलं समजा. एनबीएस जास्त घालू नका. एक ब्रोमीन लागल्यावरही त्या कार्बनवर एक हायड्रोजन उरतो आणि जास्तीचं एनबीएस त्यालाही धरतं. रिॲक्शन कधी कधी थोडा वेळ गप्प राहते आणि मग एकदम उसळते, म्हणून ‘काहीच होत नाही’ म्हणत वरून आणखी पेरॉक्साइड टाकणं धोक्याचं. मिळणारा ब्रोमाइड डोळ्यांतून पाणी काढतो, तेव्हा सगळं फ्यूम हूडमधेच करा. साध्या दाबावर जोरात तापवून डिस्टिल केलं तर त्यातून HBr निघून स्टायरीन होतं. दाब कमी करूनच करा.

आता परमँगनेट. तेही आधी तोच सैल हायड्रोजन काढतं. पण ब्रोमीनसारखं तिथं थांबत नाही: CH2 चं आधी अल्कोहोल, मग कीटोन, म्हणजे ॲसिटोफेनोन होतं. खरी गंमत इथं आहे. अल्कलीत ॲसिटोफेनोन इनोल रूपात जातं, त्यात कार्बोनिल कार्बन आणि CH3 यांच्यामधे दुहेरी बंध येतो, आणि दुहेरी बंध तोडणं हे परमँगनेटचं नेहमीचं काम. म्हणून तुकडा रिंगशेजारच्या कार्बनपाशीच पडतो. तो कार्बन COOH होतो, टोकाचा कार्बोनेट म्हणून जातो. फेनिलॲसेटिक मिळण्यासाठी टोकावर आधी हल्ला व्हायला हवा होता, आणि तिथला बंध घट्ट आहे. टर्ट-ब्यूटाइलमधे रिंगशेजारच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही, म्हणून पहिली पायरीच पडत नाही. पॅरा-टर्ट-ब्यूटाइलटोल्यूइन घेतलं तर फक्त मिथाइल जळतो आणि पॅरा-टर्ट-ब्यूटाइलबेन्झोइक ॲसिड मिळतं.

प्रॅक्टिकलमधे बहुतेकांचं चुकतं ते परमँगनेटच्या हिशोबात. टोल्यूइनचं समीकरण पाठ असतं, तेच इथं लावलं जातं:

```
C6H5CH3 + 2 KMnO4 → C6H5COOK + 2 MnO2 + KOH + H2O
C6H5C2H5 + 4 KMnO4 → C6H5COOK + K2CO3 + 4 MnO2 + KOH + 2 H2O
```

एथिलला दुप्पट लागतं. 2.4 मिली एथिलबेन्झिनला (0.02 मोल) हिशोबाने 12.6 ग्रॅम, म्हणून 14 ग्रॅम घ्या, सोबत 150 मिली पाणी आणि 1–2 ग्रॅम सोडियम कार्बोनेट. निम्मंच घेतलं तर जांभळा रंग लवकर जातो, काम झालं असं वाटतं, आणि कंडेन्सरमधून तेलकट थेंब खाली येत राहतात. रंग गेला यापेक्षा थेंब थांबले का ते पाहा. एथिलबेन्झिन पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे काही तास रिफ्लक्स लागतो आणि फ्लास्क सतत ढवळावा लागतो. न ढवळल्यास तळाचा MnO2 आदळतो. उन्हाळ्यात नळाला पाणी नसेल तर बादलीत बर्फ आणि कूलरचा पंप टाकून तेच पाणी फिरवा, रिफ्लक्सला तेवढं पुरतं.

शेवटी उरलेला जांभळा रंग थोड्या सोडियम बायसल्फाइटने घालवा आणि MnO2 गरम असतानाच गाळा. त्याचा गाळ सुमारे पावणेआठ ग्रॅम होतो आणि बेन्झोएट धरून ठेवतो, म्हणून गरम पाण्याने दोनदा धुवा. गाळण्याआधी HCl मात्र घालू नका, MnO2 मुळे क्लोरीन निघतो. गाळलेलं पाणी 50 मिलीपर्यंत आटवा, थंड करा, मग निळा लिटमस लाल होईपर्यंत ॲसिड टाका. आटवण्याचा कंटाळा महाग पडतो: बेन्झोइक ॲसिड 25 अंशाला लिटरमागे 3.4 ग्रॅम विरघळतं. म्हणजे 200 मिली पाण्यात 0.68 ग्रॅम तसंच राहतं, आणि पूर्ण रिॲक्शन झाली तरी मिळणार एकूण 2.44 ग्रॅमच. गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक काढून वाळवा. मेल्टिंग पॉइंट 122 अंशांच्या बराच खाली आणि पसरट आला, बदामासारखा गोडसर वासही येत असेल, तर ॲसिटोफेनोन उरलंय. अशा वेळी माल सोडियम बायकार्बोनेटमधे विरघळवा, न विरघळलेलं तेल इथरने काढून टाका आणि पाण्याच्या थराला पुन्हा ॲसिड घाला.