‘पहिल्या दिवसापासून संरक्षण’ म्हणजे नेमकं कधीपासून?

“आई ६३ वर्षांची, मधुमेह आहे. तिची ५ लाखांची आरोग्य पॉलिसी अडीच वर्षं चालू आहे. गेल्या वर्षी गुडघ्याची झीज निघाली, डॉक्टर गुडघा बदलायला सांगतात. एजंटाने दुसऱ्या कंपनीचं सादरीकरण पाठवलंय: १० लाख, ‘पहिल्या दिवसापासून संरक्षण’, हप्ता जवळपास तेवढाच. जुनी सोडून ही घ्यावी का?” (एक वाचक, फोंडा)

जुनी बंद करून नवी घेऊ नका. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करून, म्हणजे जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं नव्या कंपनीत सोबत नेऊन, बदला.

तुम्ही सादरीकरणासोबत दोन्ही पॉलिसींच्या अटींचे कागदही पाठवलेत, हे बरं केलंत. सादरीकरण म्हणजे करार नव्हे. दाव्याच्या वेळी अटींचा कागद बोलतो. तो समोर ठेवून मी सादरीकरणातली मोठ्या अक्षरांतली वाक्यं तुमच्या आईच्या बाबतीत खरी होतील अशी पुन्हा लिहून पाहिली.

‘पहिल्या दिवसापासून संरक्षण’ हे असं लिहायला हवं: पहिल्या दिवसापासून फक्त अपघात. बाकी आजारांना पहिले ३० दिवस काही मिळणार नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा, सांधे बदलणं अशा ठरलेल्या यादीला २ वर्षं थांबावं लागेल. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांना ३ वर्षं.

खरी मेख इथे आहे. आईची जुनी पॉलिसी घेतली तेव्हा गुडघ्याचं दुखणं नव्हतं, निदान गेल्या वर्षीचं. त्यामुळे त्या पॉलिसीत गुडघ्याला फक्त यादीतली २ वर्षं लागू होती आणि ती उलटून गेली आहेत. म्हणजे आज शस्त्रक्रिया ठरली तर ५ लाखांपर्यंतचा दावा करता येतो. नवी पॉलिसी कोरी घेतलीत की तोच गुडघा ‘आधीपासूनचा आजार’ होतो. एखादी गोष्ट दोन्ही यादींत बसली तर जी मुदत जास्त तीच धरतात, म्हणजे ३ वर्षं. मधुमेहाचे जुन्या पॉलिसीत जेमतेम सहा महिने उरलेत, तेही पुन्हा ३ वर्षांपासून सुरू. दुप्पट रक्कम दिसते खरी, पण ज्या कामासाठी लगेच लागणार त्या कामाला ती शून्य.

पोर्ट केलंत तर घालवलेली अडीच वर्षं मोजली जातात, पण जुन्या ५ लाखांपुरतीच. वाढीव ५ लाखांना सगळ्या मुदती नव्याने लागू होतील. हे सादरीकरणात कुठेच नाही, आणि एजंट सहसा सांगत नाहीत.

दुसरं वाक्य, ‘सगळा खर्च कंपनीचा’. त्याखाली तारका आहे आणि तारकेचं स्पष्टीकरण शेवटच्या पानावर, इतक्या बारीक अक्षरांत की मला फोनवर मोठं करून वाचावं लागलं: वय ६० च्या पुढे असेल तर प्रत्येक मंजूर दाव्यातले २० टक्के रुग्णाने भरायचे. समजा मंजूर बिल २,८०,००० रुपये झालं, तर ५६,००० तुमच्या खिशातून. तुमच्या जुन्या पॉलिसीत ही अट नाही. ‘हप्ता जवळपास तेवढाच’ का आहे, याचं उत्तर बहुधा हेच.

वगळलेल्या गोष्टींचं पान सादरीकरणात नाहीच. अटींत कायमच्या वगळलेल्या गोष्टी दिल्या आहेत: सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, निव्वळ तपासणीसाठी भरती होणं वगैरे. शिवाय हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंचे पैसे वेगळे मिळत नाहीत. आईला यातलं फारसं नडणार नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

एजंटाने ‘गुडघ्याचं फॉर्मवर लिहू नका’ म्हटलं असेल तर तिथेच थांबा. पॉलिसी सलग ५ वर्षं चालेपर्यंत लपवलेल्या आजारावरून कंपनी दावा नाकारू शकते. एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

तर आता करायचं काय? गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते चालू ठेवा. ती योजना ठरावीक प्रक्रियांनाच लागू असल्याने गुडघा त्यांत बसतो का, हे आधी विचारून घ्या. जुन्या पॉलिसीचं नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका. शस्त्रक्रिया जवळ असेल तर ती जुन्या पॉलिसीतच उरकून घ्या, कंपनी नंतर बदला. पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी द्या, कारण नवी कंपनी आईचं वय आणि मधुमेह पाहून नाकारूही शकते, आणि तोवर जुनी हातातून जाता कामा नये.

नाकारलंच, तर जुन्यावर टॉप-अप घ्या, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी. त्यालाही स्वतःच्या मुदती असतात, तेव्हा एजंटाकडून सादरीकरणाऐवजी ग्राहक माहिती पत्रक मागा. ते देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि प्रतीक्षा कालावधी व वगळलेल्या गोष्टी त्यात असतातच.