हर्षवायू होत नाही म्हणून?

"ताई, मुलाचा बारावीचा निकाल लागला, चांगले गुण मिळाले. बहीण फोनवर किंचाळत होती आणि मी शांत. ती म्हणते, तुला आनंदच होत नाही. हे डिप्रेशन तर नाही ना?"

गोव्यात डिचोलीजवळच्या एका गावातल्या शिक्षिकेचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आधी झोप, भूक, थकवा, कामातला रस यांची चौकशी केली. नैराश्यात दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, मन खिन्न राहतं किंवा आवडीच्या गोष्टींतला रस उडतो. बाईंचा रस शाबूत होता. चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीसाठी रानात फळं शोधत दिवसभर हिंडल्याचं त्यांनी मला रंगवून सांगितलं.

मग एक वही दिली. आठवडाभर बरं वाटल्याचा प्रत्येक क्षण लिहायचा, पण 'आनंद' हा शब्द वापरायचा नाही.

वही बोलकी निघाली. निकालाच्या दिवसाबद्दल त्यांनी आठवून लिहिलं होतं, 'हायसं वाटलं'. म्हणजे वर्षभराची धास्ती उतरली होती. ओझं उतरलेला माणूस नाचत नाही, बसतो. माटोळी बांधतानाची आठवण होती 'उल्हास', त्यात हातपाय चालतात आणि आवाज चढतो. वर्गातल्या पोरांनी बडबडगीत म्हटलं तेव्हा 'मजा आली'. आणि पाच संध्याकाळी, दिवा लावून ओसरीवर बसल्यावर, त्यांनी घरची कोंकणी वापरली होती: 'मन धादोस जालें', म्हणजे तृप्त झालं. यात छाती धडधडत नाही, काही हवंसंही वाटत नाही. बहिणीला जे दिसत नव्हतं ते हेच. तिचा आनंद हर्षाचा, उसळणारा. तो शेजाऱ्यालाही ऐकू जातो. (तोच हर्ष चार-पाच दिवस उतरत नसेल, झोप तीन तासांवर येऊनही थकवा नसेल, बोलणं आणि खर्च सुसाट सुटले असतील, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. 'हर्षवायू' हा शब्द आपल्या पूर्वजांनी उगाच केलेला नाही.)

इथवर सगळं सरळ होतं. मला अडवलं ते सहाव्या दिवसाच्या ओळीने: 'मुख्याध्यापिकेचं पद नाकारलं, त्यात समाधान आहे.' हा बरं वाटल्याचा क्षण म्हणून लिहिला होता, पण अक्षर बारीक आणि पुढे खाडाखोड.

"समाधान आहे, की समाधान मानलंत?" मी विचारलं.

मराठीत हे एका क्रियापदाचं अंतर. समाधान असतं तेव्हा ते आपोआप असतं, शरीर सैल असतं. मानावं लागतं तेव्हा आत कुठेतरी 'पण' असतो. हर्ष, उल्हास हे कोणी 'मानून' घेत नाही.

बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मानलं. सासूबाईंच्या आजारपणामुळे."

पुढची तीन सत्रं आम्ही त्या एका ओळीवरच बसलो.