गिटार कॉपी करून डावी-उजवी टाकली की डबल होत नाही, कितीही हट्ट केला तरी

प्रश्न: घरी रॉक गाणं मिक्स करतोय. कॉम्प्रेशन, इक्यू, पॅनिंग यांतलं आधी काय करू? गिटार रुंद का वाटत नाही?

आधी पॅनिंग. गिटार रुंद वाटत नाही म्हणजे बहुतेक तुम्ही एकच टेक कॉपी करून दोन्ही बाजूंना टाकलाय. दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तोच आवाज आला की कानाला तो मधोमधच ऐकू येतो. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकांमुळे, म्हणून तोच रिफ पुन्हा वाजवावा लागतो.

आमच्या बँडच्या गिटारिस्टशी माझं यावरूनच वाजलं होतं. वाजवायचा झकास, पण दुसरा टेक द्यायला तयार नाही. “कॉपी कर ना, डबलच होतंय.” मी कॉपी करून डावी-उजवी टाकली आणि मोनोचं बटण दाबलं. फरक शून्य. मग त्याने कुठेतरी वाचलेली युक्ती काढली: एक कॉपी १५ मिलिसेकंद मागे सरकवायची. हेडफोनवर खरंच रुंद वाटली, स्वारी खूश. मोनो केल्यावर मात्र गिटार पोकळ, नळीतून आल्यासारखी. कारण दोन कॉपी एकत्र आल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. १५ मिलिसेकंदाला १०० हर्ट्झ, १६७, २३३ अशा दर ६७ हर्ट्झवर खाचा पडतात. शेवटी दुसरा टेक आमच्या बेसवाल्याने वाजवला, गेन थोडा कमी ठेवून. तोच गाण्यात आहे. गिटारिस्ट अजून म्हणतो की ती प्लगिनची कमाल आहे.

बेस, किक, स्नेअर आणि मुख्य गायन मध्येच ठेवा.

इक्यूत गिटारला ९०-१०० हर्ट्झवर हायपास लावा, ती जागा बेस आणि किकची आहे. एकटी ऐकली तर गिटार किरकोळ वाटेल. वाटू द्या, सोलो करून इक्यू करणं हाच मुळात चुकीचा धंदा आहे. सगळं एकत्र वाजवून गढूळ वाटलं, तर ३०० हर्ट्झच्या आसपास २-३ डीबी कमी करा.

डिस्टॉर्शनच्या गिटारला कॉम्प्रेसर लावू नका, डिस्टॉर्शनने ती आधीच सपाट झालेली असते. तो बेसला लावा: रेशो ४:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज १०० च्या आसपास, आणि जोरातल्या नोटांवर मीटर ४-५ डीबी हलेल इतका थ्रेशोल्ड. बोटांचा ठोका नाहीसा झाला तर अटॅक फार कमी आहे. बेस खरखरला तर रिलीज वाढवा. कॉम्प्रेसर चालू-बंद करून ऐकताना दोन्ही वेळचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

हे आकडे सुरुवातीपुरते, गाण्याच्या वेगाप्रमाणे बदलतील. क्लीन गिटारला कॉम्प्रेसर चालतो. आणि गाण्यात गिटार एकच असेल तर ती एका बाजूला थोडी सरकवून तिचा रिव्हर्ब दुसरीकडे टाका. पण “दुसरा टेक द्यायचा कंटाळा” हे कारण त्यात धरू नका.