इंडक्शनची पायरी नीट कशी लिहायची?

प्रश्न: n ≥ 5 साठी 2^n > n^2 इंडक्शनने सिद्ध करायचंय, बेस केस जमली पण पुढची स्टेप कशी मांडू?

उत्तर: बेस केस n = 5 लाच घे, 32 > 25, कारण n = 4 ला दोन्ही बाजू 16 येतात आणि विधान खोटं पडतं. मग स्पष्ट लिही, "समजा कुठल्यातरी एका k ≥ 5 साठी 2^k > k^2 खरं आहे." इथे "सगळ्या k साठी" लिहिलंस तर जे सिद्ध करायचंय तेच गृहीत धरल्यासारखं होतं, मार्क तिथेच जातात.

आता फक्त डाव्या बाजूपासून सुरुवात कर:

```
2^(k+1) = 2·2^k
        > 2k^2       (गृहीतकावरून)
        ≥ (k+1)^2    (खाली बघ)
```

शेवटची ओळ बरेच जण तशीच सोडतात, पण खरं काम तिथेच आहे: 2k^2 − (k+1)^2 = (k−1)^2 − 2, आणि k ≥ 5 असल्यामुळे हे किमान 14 येतं, म्हणजे शून्याच्या वरच. गृहीतक कुठल्या ओळीत वापरलं ते कंसात लिहायचंच, ते कुठेच वापरलं गेलं नसेल तर स्टेप परत तपास. आणि 2^(k+1) > (k+1)^2 पासून सुरू करून उलटं खाली येऊ नकोस प्लीज, तेच तर दाखवायचंय.