इन्स्टाग्रामच्या नावाने आलेला मेल खात्यातल्या यादीशी कसा ताडून पाहावा

प्रश्न: इन्स्टाग्रामकडून मेल आलाय की २४ तासांत खातं बंद होणार. खरा आहे की खोटा ते कसं कळणार? सेटिंगमध्ये मेलची यादी असते म्हणतात, ती कुठे असते आणि तिच्यावर भरवसा ठेवायचा का?

उत्तर: यादीवर भरवसा ठेवावा, पण ती वाचण्याची एक रीत आहे. ती रीत चुकली तर हीच यादी फसव्या मेलला खरेपणाचा दाखला देऊन बसते. असे घडताना मी स्वतः पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी जागा सांगतो. मेलमधल्या कोणत्याही बटणाला हात न लावता मेल बंद करावा आणि इन्स्टाग्रामचे ॲप नेहमीसारखे फोनवरून उघडावे. आपल्या प्रोफाइलवर जाऊन वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या की `Accounts Center` दिसते. त्यात `Password and security` आणि त्याच्या आत `Recent emails`. तेथे कोणते खाते पाहायचे हे विचारले जाते. ते निवडल्यावर सुरक्षेसंबंधीचे मेल एका बाजूला आणि इतर मेल दुसऱ्या बाजूला अशी यादी उघडते. ॲप मराठीत ठेवले असेल तर नावे मराठीत दिसतील, क्रम मात्र हाच. इन्स्टाग्रामने ही सोय २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आणली.

या यादीचे बळ कशात आहे ते लक्षात घ्यावे. मेलमध्ये दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव, बोधचिन्ह, रंग, खालची बारीक अक्षरांतली ओळ, यांतले काहीही कोणालाही हुबेहूब बनवता येते. मेलमधले व्याकरण कच्चे असेल तर तो फसवा, ही जुनी कसोटीही आता मी कोणाला सांगत नाही, कारण हल्ली येणाऱ्या फसव्या मेलची भाषा चांगली घोटीव असते. यादी मात्र खात्याच्या आत आहे आणि तिच्यातली नोंद इन्स्टाग्राम स्वतः करते. बाहेरचा माणूस आपल्या मेलच्या पेटीत हवे ते टाकू शकतो, पण या यादीत त्याला एक ओळही घालता येत नाही.

आता प्रसंग सांगतो. सोलापुरात नव्या पेठेच्या बाजूला माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. आमच्या गल्लीतल्या एक मावशी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घरी करतात आणि गेली काही वर्षे इन्स्टाग्रामवरून ऑर्डर घेतात. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा जवळ आली की त्यांना बाहेरगावच्या ऑर्डरी दुपटीने येतात. नेमक्या त्याच दिवसांत एका सकाळी त्या फोन घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "दादा, उद्या खातं बंद करणार म्हणून मेल आलाय. यात्रेच्या ऑर्डरी कुठं घेऊ मी?"

मेलमध्ये लिहिले होते की त्यांच्या एका व्हिडिओत दुसऱ्याचे संगीत वापरल्याची तक्रार आली असून २४ तासांत हरकत नोंदवली नाही तर खाते कायमचे काढून टाकले जाईल. खाली 'हरकत नोंदवा' असे निळे बटण होते. मी त्यांना यादी उघडून दाखवली. यादीत त्या दिवशीच्या सकाळची एक नोंद खरोखरच होती. मावशी लगेच म्हणाल्या, "हे बघा, आहे की यादीत. म्हणजे खरा आहे मेल."

चूक इथेच होते. यादीत नोंद होती ती पासवर्ड बदलण्याच्या मेलची, तक्रारीच्या मेलची नव्हे. आम्ही मेलची पेटी उघडून दोन्ही मेल शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा उलगडा झाला. दहा वाजून सात मिनिटांनी पासवर्ड पुन्हा ठरवण्याचा मेल आला होता आणि तो खरा होता. साडेदहाच्या सुमारास तक्रारीचा मेल आला होता आणि त्याची यादीत कोठेही नोंद नव्हती. मावशींनी पासवर्ड बदलायला मागितलाच नव्हता. इन्स्टाग्रामच्या प्रवेशाच्या पानावर कोणीही कोणाचेही वापरकर्ता नाव लिहून 'पासवर्ड विसरलो' असे दाबू शकतो आणि त्याबरोबर मूळ मालकाला खरा मेल जातो. तो मेल आला म्हणून खात्यात कोणी शिरलेले नसते आणि पासवर्डही बदललेला नसतो. ते बटण कोणी दाबले हे आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता, परंतु फसवणूक करणाऱ्याला याचा दुहेरी उपयोग होतो: माणूस आधीच घाबरलेला असतो, आणि यादी पाहायला गेलाच तर तिथे त्याला 'काहीतरी' सापडते.

म्हणून यादीत त्या दिवशीची नोंद आहे की नाही एवढेच पाहून थांबू नये. हातातल्या मेलचा विषय आणि तो येण्याची वेळ, ही दोन्ही यादीतल्या त्याच एका नोंदीशी जुळली पाहिजेत. तीन मेल आले असतील तर तिन्ही स्वतंत्रपणे ताडावेत. एकाची नोंद सापडली म्हणून बाकीचे दोन खरे ठरत नाहीत.

नोंद जुळली, म्हणजे मेल खरा निघाला, तरी त्यातले बटण दाबायलाच हवे असे नाही. पासवर्ड बदलण्याचा मेल खरा असला आणि तुम्ही तो मागितलेला नसला, तर तो तसाच सोडून द्यावा. त्यासोबत सहा आकडी कोड आला असेल तर तो कोणालाही, अगदी 'मी इन्स्टाग्राममधून बोलतोय' असे सांगणाऱ्यालाही, देऊ नये. खऱ्या मेलमधला खरा कोड फोनवरून काढून घेणे हा फसवणुकीचा स्वतंत्र प्रकार आहे आणि तिथे यादी तुम्हाला वाचवू शकत नाही, कारण यादीच्या दृष्टीने सगळे बरोबरच असते.

तक्रारीच्या मेलसाठी आणखी एक ठिकाण पाहावे. सेटिंगमध्येच `Account Status` नावाचे पान आहे. तुमची एखादी पोस्ट नियमांमुळे काढली गेली असेल किंवा खात्यावर काही निर्बंध आले असतील तर ते तिथे दिसते आणि दाद मागण्याची सोयही बहुतेक वेळा तिथूनच मिळते. मावशींच्या त्या पानावर काहीही नव्हते, सगळे व्हिडिओ जागच्या जागी होते. यादीत नोंद नाही आणि खात्याच्या स्थितीतही काही नाही, असे दोन्हीकडून निघाल्यावर त्या मेलबद्दल शंका उरली नाही.

आता यादीच्या मर्यादा. सुरक्षेसंबंधीचे गेल्या १४ दिवसांतलेच मेल तिथे दिसतात. महिनाभरापूर्वीचा मेल आज उघडून तो यादीत नाही म्हणून खोटा, असे म्हणता येणार नाही. दुसरे, यादी प्रत्येक खात्याची वेगळी असते. घरचे एक आणि धंद्याचे एक अशी दोन खाती एकाच मेल पत्त्यावर असतील तर दोन्ही खात्यांच्या याद्या पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. तिसरे, यादी फक्त मेलची आहे. इन्स्टाग्रामवरच 'सपोर्ट' असे नाव लावून आलेला संदेश किंवा व्हॉट्सॲपवरचा निरोप यादीत शोधण्यात अर्थ नाही. खात्याबद्दल असा खासगी संदेश इन्स्टाग्राम पाठवत नाही, त्यामुळे तो सरळ फसवा धरावा.

सर्वांत अवघड वेळ म्हणजे खाते हातातून गेलेले असते ती, कारण खात्यात जाताच आले नाही तर यादीही दिसत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाहावा लागतो. फोनवर जीमेल नुसते नाव दाखवते. त्याखालच्या `to me` या शब्दांशेजारचा बाण दाबला की पत्ता दिसतो. त्यात @ च्या पुढचा भाग महत्त्वाचा, आणि तो उजवीकडून वाचावा. खऱ्या मेलचा पत्ता सहसा `@mail.instagram.com` असा संपतो. फसव्या पत्त्याचा नमुना हा पाहा:

```
security@mail.instagram.com.appeal-form.example
```

यात instagram.com हे शब्द आहेत, पण शेवट वेगळाच आहे, आणि मालकी शेवटावरून ठरते. मावशींच्या मेलमध्ये तर 'इन्स्टाग्राम' हा शब्द @ च्या आधी होता, आणि @ च्या आधी ज्याला जे लिहायचे ते लिहिता येते. तरीही मी पत्त्याला यादीच्या खालचे स्थान देतो, कारण पत्ता वाचताना घाईत एखादे अक्षर नजरेतून सुटते.

एक मेल मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. कोणी तुमच्या खात्याचा मेल पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर इन्स्टाग्राम तसे कळवते आणि तो बदल मागे घेण्याची वाट त्याच मेलमध्ये देते. खात्यात शिरता येत असेल तर आधी यादीत हा मेल ताडून घ्या. शिरता येत नसेल आणि पाठवणाऱ्याचा पत्ता वर सांगितल्याप्रमाणे खरा असेल, तर त्या दुव्याचा वापर लवकरात लवकर करा. मनाला पटत नसेल तर ब्राउझरमध्ये स्वतः `instagram.com/hacked` असे टाइप करून तिथून सुरुवात करावी.

तुम्ही आधीच बटण दाबून पासवर्ड लिहिला असेल तर यादी पाहण्यात वेळ घालवू नका. त्याच `Password and security` मध्ये आधी पासवर्ड बदला, नंतर `Where you're logged in` उघडून अनोळखी फोन बाहेर काढा आणि `Two-factor authentication` सुरू करा. खात्यावरचा मेल पत्ता आणि मोबाइल क्रमांक तुमचाच आहे ना, हेही तपासा. तोच पासवर्ड मेललाही असेल तर तिथेही बदलावा लागेल. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

मावशींनी बटण दाबलेले नव्हते, त्यामुळे आम्हाला एवढे काही करावे लागले नाही. तक्रारीचा तो मेल पुसण्याआधी आम्ही `phish@instagram.com` या पत्त्यावर पुढे पाठवला. तुमचा मेलही यादीत सापडला नाही तर तसाच पाठवा आणि मगच पुसा.