सिंहलीत लॅबच्या सेफ्टी सूचना

प्रश्न: श्रीलंकेतल्या शाळेसाठी लॅबच्या सेफ्टी सूचना इंग्रजीतून सिंहलीत करतोय, पोरांचा गोंधळ होऊ नये म्हणून काय बघू?

उत्तर: सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायची सूचना घ्या. ॲसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, उलटं केलं तर पाणी ॲसिडवर तरंगतं, उकळतं आणि ॲसिड अंगावर उडतं. सिंहलीत हे ‘जलयट अम्लय सेमिन् एक् करन्न’. आता यात कशात काय ओतायचं हे फक्त ‘जलय’ला लागलेल्या ‘ट’ प्रत्ययावरून कळतं, कारण शब्दांचा क्रम मागेपुढे चालतो आणि दुसऱ्या नामाला प्रत्ययच नाही. म्हणजे टायपिंगमध्ये ‘ट’ भलत्या शब्दाला लागला की सूचना उलटी, आणि वाक्य मात्र व्याकरणात एकदम ओके, प्रूफरीडरलाही दिसणार नाही! म्हणून शेजारी बाण असलेलं चित्र टाकाच.

मनाईचा ‘एपा’ पण आपल्या ‘नको’सारखा वाक्याच्या शेवटी येतो, घाईत वाचणारा पोरगा तिथवर पोचेलच असं नाही, त्यामुळे धोक्याचं चिन्ह वाक्याच्या आधी ठेवा.

‘अमुक करण्यापूर्वी तमुक’ छाप वाक्यं तोडा, गॉगल ही १ नंबरची स्टेप, ॲसिड नंतर. शेवटी इंग्रजी न बघितलेल्या पोराला नुसतं साधं आणि रंगीत पाणी देऊन करायला लावा, तो काय कशात ओततो ते बघा.